बुद्ध्यांक ११४ आणि फाटलेली पानं

*ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. चार वर्षांचा असताना आपोआप वाचायला लागला. सध्या रेल्वेचं वेड आहे, कुठली गाडी कुठून वळते हे तासभर सांगतो. पण लिहायला बसवलं की घरात रणकंदन. एक अक्षर चुकलं की पान फाडतो, पेन्सिल फेकतो, "मी मूर्ख आहे" म्हणत अर्धा तास रडतो. १० पैकी ९ मिळाले तर जेवत नाही. शाळेच्या डायरीत "आळशी", "काम अपूर्ण" असे शेरे. आम्ही बुद्ध्यांक चाचणी करून घेतली. ११४ आला. "सरासरीहून थोडा बरा आहे, दोष काही नाही, लाडावलाय, शिस्त लावा," असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, पोट्टा हट्टी आहे. यांना वाटतं, दुसरीकडे पुन्हा चाचणी करू. मला कळत नाही, तो हुशार आहे हे आमचं नुसतं वाटणं होतं का? रिपोर्ट आणि वहीची दोन पानं पाठवतेय.*

*— एक आई, त्रिमूर्ती नगर, नागपूर*

पुन्हा चाचणी करू नका, निदान एवढ्यात तरी नको. तीच चाचणी वर्षाच्या आत दुसऱ्यांदा दिली की मुलाला ठोकळ्यांची कोडी आठवतात, काय करायचं ते आधीच ठाऊक असतं, आणि आकडा फुगतो. मग त्या आकड्यावर ना तुमचा विश्वास बसेल, ना शाळेचा. शिवाय तुम्हाला जे हवंय ते तुमच्या हातात आधीच आहे. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरचा तक्ता पाहा. तो तुम्हाला कुणी समजावून सांगितला नाही, एवढीच अडचण झाली.

तुमच्या मुलाची चाचणी विस्क या मुलांच्या बुद्ध्यांक चाचणीच्या चौथ्या आवृत्तीच्या भारतीय रूपावर झाली आहे. तिच्यात मुख्य दहा उपचाचण्या असतात आणि त्यांचे चार गट पडतात. तुमच्या तक्त्यात ते असे आहेत: शब्दांतून विचार करणं १३२, डोळ्यांनी पाहून तर्क लावणं १२७, ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं ९७, आणि साधं काम भराभर उरकण्याचा वेग ८०. प्रत्येक गटाची सरासरी १०० धरलेली असते. १३२ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ९८ जण त्याच्या मागे. ८० म्हणजे सुमारे ९१ जण त्याच्या पुढे. हे दोन्ही एकाच मुलाचे आकडे आहेत, एकाच सकाळी, एकाच टेबलावर मिळालेले.

या सगळ्याची गोळाबेरीज करून ११४ निघाले. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतं आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश. दोन्हींची सरासरी काढून कुणी "नागपूरचं हवामान सुखद आहे" म्हणालं, तर हिशेब बरोबर असेल, पण त्या भरवशावर इथे कुणी कपडे शिवणार नाही. ११४ चं तसंच आहे. या चाचणीचे बरेच जाणकार एक साधा नियम पाळतात: सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा गट यांच्यात २३ किंवा त्याहून जास्त गुणांचं अंतर असेल, तर एकत्रित बुद्ध्यांक त्या मुलाबद्दल काही सांगत नाही, तो वापरू नये. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे अंतर ५२ आहे.

अशा वेळी पहिल्या दोन गटांवरून वेगळा निर्देशांक काढता येतो. त्याला जनरल ॲबिलिटी इंडेक्स म्हणतात. तुमच्या तक्त्यातल्या उपचाचण्यांच्या गुणांवरून तो १३४ च्या आसपास येतो. ज्यांनी चाचणी घेतली त्यांना तो काढून रिपोर्टमध्ये लिहून द्यायला सांगा. त्यासाठी मुलाला पुन्हा बसवावं लागत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: ते नुसतं वाटणं नव्हतं. मात्र १३४ हा "खरा" आणि ११४ हा "खोटा" असं घरात कुणी म्हणू नका. हा निर्देशांक काढताना जे त्याला जड जातं तेच नेमकं बाजूला ठेवलेलं असतं. विचार करण्याची त्याची ताकद किती हे त्यातून कळतं. रोजची शाळा त्याला किती जड जाते हे मात्र कळायचं असेल तर ८० कडेच पाहावं लागतं.

त्या ८० च्या आत अजून एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधली ती सर्वांत मोलाची. वेगाच्या गटात दोन उपचाचण्या असतात. एकीत प्रत्येक आकड्याला एक खूण ठरवून दिलेली असते आणि दोन मिनिटांत जमतील तेवढ्या खुणा चौकटींत काढायच्या असतात. तिला कोडिंग म्हणतात. दुसरीत चिन्हांच्या रांगेत एखादं चिन्ह आहे का ते पाहून नुसती एक रेघ मारायची असते. दोन्ही कामं घड्याळ लावूनच होतात, पण पहिलीत हात खूप चालतो, दुसरीत जवळजवळ नाही. या उपचाचण्यांची सरासरी १० असते. तुमच्या मुलाला दुसरीत ९ आहेत, म्हणजे वयाला साजेसे. कोडिंगमध्ये ४ आहेत. डोळा आणि डोकं वेळेत पोचतंय, हात पोचत नाही.

आता त्याच पानावर खाली, चाचणी घेणाऱ्यांनी बारीक अक्षरात लिहिलेली टीप वाचा: "मुलाने दोनदा खोडरबर मागितले. खुणा पुन्हा गिरवत होता. एकही चूक नाही." या चाचणीत पेन्सिल मुद्दाम खोडरबराशिवाय देतात. डोळ्यांसमोर आणा: घड्याळ चाललंय, बाकीची मुलं चौकटीमागून चौकट भरत जातील, आणि हा एका खुणेचा कोपरा नीट जुळला नाही म्हणून तीच खूण पुन्हा गिरवतोय. एकही चूक नाही आणि गुण मात्र ४. टीप लिहिणाऱ्यांनी नीट पाहिलं आहे, मनापासून सांगते. त्या टिपेचा अर्थ मात्र निष्कर्षापर्यंत पोचला नाही.

हात मुळात संथ आहे म्हणून गुण कमी आले, की चुकण्याच्या धास्तीने तो स्वतःच हात आवरून धरतो म्हणून? पुढचं सगळं या प्रश्नावर उभं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर मूल आणखी आक्रसतं.

तुम्ही पाठवलेली पानं मी बराच वेळ पाहत होते. शिरोरेषा त्याने पट्टीने ओढल्या आहेत, प्रत्येक शब्दाची वेगळी. तीन ठिकाणी खोडून खोडून कागद विरलाय. हे धास्तीचं लक्षण. पण त्याच पानावर "इंजिन" हा शब्द तीनदा आलाय आणि तीन तऱ्हांनी लिहिलाय, एकदा वेलांटी दुसऱ्याच अक्षराला. "ळ" दर वेळी वेगळ्या मापाचा. पहिल्या दोन ओळी गोट्यांसारख्या एकसारख्या, सहाव्या ओळीपासून अक्षरं रेघेखाली घसरलेली. दाब इतका की फोटोतसुद्धा मागच्या पानावरचा उठाव दिसतो. हे नुसत्या धास्तीने होत नाही. जो शब्द त्याने शंभरदा वाचलाय त्याचा आकार हाताला अजून पाठ झालेला नाही. दर वेळी तो नव्याने "काढावा" लागतो. देवनागरीत हे ओझं जास्त असतं. मात्रा वर, उकार खाली, काना पुढे. पहिली वेलांटी तर काढायची आधी आणि उच्चारायची नंतर. बहुतेक मुलांचं हे सरावाने अंगवळणी पडतं आणि मग लिहिताना डोकं विचारासाठी मोकळं राहतं. तुमच्या मुलाचं अर्धं डोकं अजून वेलांटी कुठे द्यायची यातच गुंतलेलं आहे.

खात्री करायला घरी तीन गोष्टी करून बघा. त्यांना चाचणी म्हणू नका, त्याच्यासमोर घड्याळही ठेवू नका.

पहिली. त्याला रेल्वेचा एखादा विषय द्या, समजा आपल्या नागपूरचं डायमंड क्रॉसिंग, जिथे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे मार्ग एकमेकांना छेदतात. तो बोलेल ते फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी तोच विषय त्याला लिहायला सांगा. दोन्हींतली वाक्यं मोजा. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांमध्ये तोंडी वीस-पंचवीस वाक्यं आणि कागदावर तीन असं सर्रास दिसतं. शिवाय ती तीनही सोपे शब्द निवडून लिहिलेली असतात: "मार्गस्थ" माहीत असूनही "जाते". कारण "र्ग" आणि "स्थ" त्याला नको असतात.

दुसरी. एक छोटा पांढरा फळा आणि मार्कर आणा. बोट फिरवलं की पुसलं जातं, कुणी तपासत नाही, जपून ठेवत नाही. त्यावर त्याच्याशी चिठ्ठ्यांचा खेळ खेळा: तुम्ही लिहून प्रश्न विचारायचा, त्याने लिहून उत्तर द्यायचं. फळ्यावर त्याचा वेग एकदम वाढला, अक्षर मोकळं झालं, तर धास्तीचा वाटा मोठा. फळ्यावरही तेवढाच संथ, तेच शब्द तसेच चुकताहेत, दोन मिनिटांत मनगट झटकतोय, तर हाताची अडचण खरी आहे आणि धास्ती तिच्यावर चढलेली आहे.

तिसरी. लिहिताना त्याला दुसऱ्या कशाबद्दल तरी साधा प्रश्न विचारा. ज्याचा हात सरावलेला असतो तो लिहिता लिहिता "हो, खाल्लं" म्हणून जातो. ज्याचा हात सरावलेला नाही त्याला पेन्सिल थांबवावीच लागते.

तुमची पानं पाहता मला वाटतं दोन्ही आहेत, आणि एकाने दुसऱ्याला जन्म दिला आहे. असं मूल डोक्यात जे पाहतं ते फार देखणं असतं. त्याला हवं ते वाक्य मोठ्या माणसाच्या तोडीचं असतं आणि हातातून उतरतं ते पहिलीतल्या पोरासारखं. हा फरक त्याला इतर कुणाहीपेक्षा आधी दिसतो, कारण दिसण्याएवढी बुद्धी त्याच्याकडे आहे. तुम्हाला तो एक अक्षर चुकलं म्हणून पान फाडताना दिसतो. त्याच्यासाठी ते पान म्हणजे "तू मूर्ख आहेस" याचा लेखी पुरावा असतो. १० पैकी ९ चं रडणंही इथलंच. ज्या ठिकाणी तो पूर्ण गुण मिळवू शकतो तिथेच त्याला स्वतःची खात्री वाटते, आणि तिथला एक गुण गेला की पायाखालची फळीच निघते. शिस्तीने हे जाणार नाही. शिस्त लावली तर तो पानं फाडायचं थांबवेल आणि लिहायचंही.

हे मी ठामपणे सांगते, कारण मी ही चूक केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसरीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. एकत्रित बुद्ध्यांक ११० च्या घरात, वाचन वर्गाइतकं. मी आईवडिलांना म्हटलं, सगळं ठीक आहे, थोडा सराव घ्या. गटांमधलं अंतर मला दिसलं होतं, पण मूल "पास" होत होतं म्हणून मी पुढे खोदलं नाही. आठवीत ती परत आली ती शाळेत जायचंच नाही म्हणून. मधल्या सहा वर्षांत अंदाजाने वाचून, पाठ करून, रात्री अकरापर्यंत जागून तिने आपली अडचण झाकली होती. पुस्तकं जाड झाली आणि झाकणं जमेना. हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, आणि मधे उभं असलेलं मूल सगळ्यांना साधारण दिसतं. इंग्रजीत अशा मुलांना ट्वाइस एक्सेप्शनल म्हणतात. आपल्याकडे शाळेत हा शब्द फारसा कुणी ऐकलेला नसतो, म्हणून शब्दापेक्षा तक्ता दाखवणं बरं.

आता पुढची तपासणी. बुद्ध्यांकाची नको म्हटलं, पण शिक्षणाची हवी: वाचन, शुद्धलेखन, मजकूर रचून लिहिणं, गणित, आणि पाहून हाताने उतरवणं. आपल्याकडे यासाठी बहुतेक ठिकाणी बंगळूरच्या निम्हान्सची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. तिचा दुसरा स्तर ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. इथे एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवते. साधारण पद्धत अशी की मूल आपल्या इयत्तेच्या दोन इयत्ता मागे असेल तर अध्ययन अक्षमता धरायची. तुमचा मुलगा शब्दांच्या जोरावर तिसरीच्या पातळीपर्यंत स्वतःला ओढून नेईल आणि उत्तर येईल "नाही". म्हणून तपासणाऱ्यांना आधीच विचारा: तोंडी मजकूर आणि लेखी मजकूर वेगवेगळे घेऊन ताडून पाहाल का? किती वेळ लागला ते लिहाल का, की फक्त बरोबर-चूक? मराठी लेखनही पाहाल का, की नुसतं इंग्रजी? वाचनाबद्दल शंका असेल तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली ही साधनं मराठीतही आहेत. हाताची पकड, दाब आणि दमणूक ऑक्युपेशनल थेरपिस्टने पाहावी. डोळे तपासले नसतील तर सगळ्यांत आधी ते.

लक्ष टिकण्याचा प्रश्न आहे का हेही एकदा पाहून घ्यायला हवं. त्याची प्रश्नावली घरी आणि शाळेत दोन्हीकडे भरली गेली पाहिजे. एकाच ठिकाणच्या उत्तरांवरून एडीएचडी म्हणू नये. रेल्वेचं वेड आणि रडण्याची तीव्रता पाहून कुणी स्वमग्नतेचा विषय काढेल. मित्र असतील, त्यांच्याशी देवाणघेवाण होत असेल, खेळात नियम बदलले तर तो सावरून घेत असेल, तर मी घाई करणार नाही. नसेल तर तेही तपासावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तपासणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी असावी. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. कुणी मिसिकवर पुन्हा बुद्ध्यांक काढू म्हणालं तर नको म्हणा. ही चाचणी आपल्या नागपूरचीच. इथल्या डॉ. आर्थर मालिन यांनी विस्क भारतीय मुलांसाठी जुळवून घेतली, १९६९ साली तिची पुस्तिका निघाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिने सरकारी दवाखान्यांत काम दिलंय. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिचे निकष अर्ध्या शतकापूर्वीच्या मुलांवर बेतलेले आहेत आणि आजच्या मुलांचे आकडे त्यावर फुगून येतात. तुमच्याकडे नवा तक्ता असताना जुन्यावर जायचं कारण नाही. प्रमाणपत्राच्या कामासाठी सरकारी रुग्णालयाने ती स्वतःच घेतली तर गोष्ट वेगळी, तेव्हा घेऊ द्या.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि मूल ८ वर्षांचं झालं की प्रमाणपत्राचा विचार होतो. ते शासनाने नेमलेल्या रुग्णालयातूनच मिळतं, खासगी रिपोर्टवर नाही. त्यावर पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. चौथीत त्याची घाई नाही. शाळेने समजून घेतलं तर आत्ताच्या सवलती मुख्याध्यापकांच्या पातळीवरच होतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. हुशार मुलांबद्दल वाचायला लागाल तेव्हा पोलंडचे मनोविकारतज्ज्ञ काझीमिएझ डोम्ब्रोव्स्की यांचं नाव भेटेल, आणि "अशी मुलं सगळंच तीव्रतेने अनुभवतात, तीव्र भावना ही हुशारीची खूण" असं वाचायला मिळेल. ऐकून बरं वाटतं. पण हुशार मुलं सरसकट जास्त हळवी किंवा जास्त त्रासलेली असतात असं अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही, आणि या वाक्याचा एक तोटा मी पाहिलाय: "तो तसाच आहे" म्हणून पालक शोध थांबवतात. तुमच्या मुलाचं रडणं कुठे होतं ते बघा. पत्त्यांत हरल्यावर, मित्राशी भांडण झाल्यावर, बाजारातून खेळणं न मिळाल्यावर तो अर्धा तास रडतो का? तुमच्या पत्रात तरी सगळं वही आणि गुणांभोवतीच फिरतंय. तसं असेल तर भावनांच्या तीव्रतेला नाव शोधण्यापेक्षा वहीचं काय ते पाहिलं पाहिजे.

तपासणी होईपर्यंत घरी एवढं करा. विचार करणं आणि अक्षर काढणं ही दोन कामं वेगळी करा. निबंध असेल तर तो बोलेल, तुम्ही त्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवून घ्याल, सुधारणार नाही. मग त्यातली चारच ओळी तो वहीत उतरवेल. एका वेळी दहा मिनिटं, मग उठायचं. शिरोरेषेची पट्टी तात्पुरती कपाटात. "आता अक्षरांवर रेघ शेवटी, अख्ख्या ओळीची एकदम" असा नियम दोघांनी मिळून करा. खोडरबर हिसकावून घेऊ नका, त्याने धास्ती वाढते. त्याऐवजी एक वेगळी कच्ची वही ठेवा, जिच्यात चुकलेल्या शब्दावर फक्त एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. त्या वहीत तुम्हीही तुमच्या चिठ्ठ्या लिहा आणि चुकलं की त्याच्यासमोर रेघ मारा. चार-पाच दिवस तो तुमच्या रेघांकडेच बघत राहील. राहू द्या.

पान फाडलंच, तर त्या क्षणी समजावू नका. "अरे, छान तर आहे अक्षर" हे तर मुळीच नको. त्याला दिसतंय की छान नाही, आणि मग तुमच्या पुढच्या कौतुकावरही तो विश्वास ठेवणार नाही. शेजारी बसा, पाणी द्या, कमी बोला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो शांत झाल्यावर एवढंच विचारा: "लिहायचं काय होतं?" तो सांगेल, आणि ते चांगलं असेल. तेव्हा मनापासून दाद द्या, त्या विचाराला.

रेल्वेला हात लावू नका. "आधी शुद्धलेखन, मग रेल्वे" असं करणाऱ्या घरांत मी मुलं कोमेजताना पाहिली आहेत. जिथे तो स्वतःला मूर्ख समजत नाही अशी सध्या ती एकच जागा आहे. उलट रविवारी त्याला रमण विज्ञान केंद्रात न्या, आणि टाइपिंग शिकवायचं असेल तर गाड्यांच्या यादीपासून सुरू करा. रोज दहा मिनिटं, आधी इंग्रजी, मग मराठी. अक्षरसुधार वर्गाला घालायची घाई नको. तिथे सुंदर अक्षर शिकवतात, आणि त्याचा त्रास नेमका सुंदरतेचाच आहे.

शाळेत जाताना रिपोर्टचं तिसरं पान, तोंडी मजकुराचं रेकॉर्डिंग आणि लेखी पान, तिन्ही न्या. वर्गशिक्षिकेला आधी रेकॉर्डिंग ऐकवा. मग पान दाखवा. मी सांगते, "आळशी" हा शब्द तिथेच गळतो. मागायचं दोनच: फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम अर्धं, आणि निबंधात मजकुराचे गुण वेगळे, अक्षराचे वेगळे. दोनपेक्षा जास्त मागितलं तर चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात काहीच होत नाही.

सासूबाईंना तक्ता समजावत बसू नका. रेकॉर्डिंग त्यांनाही ऐकवा, आणि मग नातवाच्या शेजारी बसून त्याची दहा मिनिटं पाहायला सांगा. पेन्सिल धरलेली बोटं पांढरी पडतात ती त्यांना दिसतील.

आणि त्याला स्वतःला सांगा. मुलांपासून लपवलं की ती त्याहून वाईट काहीतरी कल्पतात. असं सांगता येईल: "तुझं डोकं राजधानीसारखं धावतं आणि हात अजून मालगाडीसारखा चालतो. दोघं एकाच रुळावर आहेत म्हणून तुला राग येतो. तू आळशी नाहीस, आणि मूर्ख तर नाहीसच. आपण हाताला थोडी मदत करू, आणि काही कामांसाठी दुसरा रूळ टाकू." तो विचारेल, मग माझं अक्षर कधी सुधारेल? खोटं सांगू नका. "थोडं सुधारेल, हळूहळू. तोवर तू बोल, मी लिहिते." आणि त्याच दिवशी संध्याकाळी खरंच वही घेऊन बसा.